शेवटच्या पाच स्लाइड्सचं पत्र

स्लाइड्सचा डबा माझ्या ताब्यात असे. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, आत पुठ्ठ्याचे कप्पे, आणि झाकणाला आतून मी चिकटवलेली यादी. चोवीस स्लाइड्स, चोवीस ओळी. कोणती उलटी लागते, कोणत्या स्लाइडची काच तडकलेली आहे, हेही त्यातच लिहिलेलं. त्या यादीवर माझा इतका विश्वास होता की यादीबाहेर काही घडत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. मानोऱ्याला सरकीचं एक जुनं गोदाम भाड्याने घेऊन तिथे बंजारा तांड्यातल्या मुलींचं वसतिगृह चालवलं जात होतं. चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि मी तिथे लेखनिक म्हणून लागल्यावर आपोआप धाकट्या बाई झाले. माझं वय तेव्हा तेवीस. गाव आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळचं. घरात मॅट्रिक झालेली मी पहिली. वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि परत आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मला शाळेत घालायचं.

वसतिगृहाचं काम साधं होतं. तांड्यातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला नाहीतर रस्त्याच्या कामाला जात आणि होळीच्या सुमारास परतत. मुलं सोबत जात. परत येईपर्यंत शाळेतलं त्यांचं नाव पटावर राहत असे, एवढंच. ज्या मुलींना मागे राहायचं असेल त्यांनी आमच्याकडे राहावं, जेवावं आणि शाळेत जावं. यासाठी लागे ती ज्वारी. बाकीचं डाळ-तेल-साबण बाई इकडून तिकडून जमवत, पण ज्वारीला पैसेच लागत.

ते पैसे आणायचं काम स्लाइड्स करत. कारंज्याला एक फोटोग्राफर होते, त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता. दसरा झाला की कारंज्याच्या कापूस-धान्याच्या व्यापाऱ्यांना आणि दिवाळीसाठी मुंबईहून आलेल्या त्यांच्या नातेवाइकांना एका हॉलमध्ये बोलवायचं, दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा आणि स्लाइड्स दाखवायच्या. बाई पडद्याशेजारी उभ्या राहून बोलत. मी प्रोजेक्टरपाशी. बाईंनी जमिनीवर काठी आपटली की पुढची स्लाइड. पहिल्या एकोणीस स्लाइड्समध्ये तांडा, गोदाम, स्वयंपाक, शाळा असं सगळं होतं. शेवटच्या पाच महत्त्वाच्या. विसावी म्हणजे काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: यंदा किती मुली राहिल्या, किती पास झाल्या. एकविसावी, एक मुलगी तांड्यात कडेवर भाऊ घेऊन उभी. बाविसावी, तीच मुलगी फळ्यापाशी खडू धरून. तेविसाव्या स्लाइडवर पुन्हा पांढरी अक्षरं: आपल्या सहकार्याची अपेक्षा. चोविसावी, सगळ्या मुली ओळीत हात जोडून, खाली 'धन्यवाद'.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टर लावून बघताना बल्ब फट्‌कन गेला. फोटोग्राफरांकडे दुसरा नव्हता. मुंबईहून मागवायचा तर महिना. महिन्यानंतर दिवाळी उरकलेली, पाहुणे मुंबईला परतलेले, आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक तांड्यांवरून माणसं घेऊन गेलेला.

मानोऱ्याला एसटीतून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "पत्र लिहू. पहिल्या एकोणीस स्लाइड्स सगळ्यांनी दोनदा-तीनदा पाह्यल्या आहेत. त्याची गरज नाही. शेवटच्या पाचांचं पत्र कर पोरी."

मला ते सोपं वाटलं. पाच स्लाइड्स, पाच परिच्छेद. मी संध्याकाळपर्यंत लिहूनही टाकलं. आकडे पहिल्या परिच्छेदात. मग "पूर्वी सदर मुलगी" आणि "आता सदर मुलगी". मग आपल्या सहकार्याची अपेक्षा. मग धन्यवाद. अक्षर सुबक, समास सोडलेला. बाईंनी चष्मा लावून वाचलं, कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि विचारलं, "मागितलं कुठे आहे?"

मी तेविसावी स्लाइड दाखवली. सहकार्याची अपेक्षा.

"हे मागणं नाही. हे लग्नपत्रिकेत असते तसं आहे."

मग त्यांनी मला आठवण करून दिली. शेवटची स्लाइड पडद्यावर असताना त्या काठी आपटत नसत. थांबत. अंधारातच म्हणत, एका मुलीला होळीपर्यंत एक पोतं ज्वारी लागते, तुम्ही किती मुलींची सोय करता ते दिवे लागल्यावर वहीत लिहा. मग घोंगड्या निघत आणि वही फिरत असे. ही दोन वाक्यं मी तीन वर्षं ऐकली होती. पण ती कोणत्याच स्लाइडवर नव्हती, म्हणून माझ्या यादीत नव्हती, आणि यादीत नव्हती म्हणून पत्रातही आली नाहीत. पैसे ज्या दोन वाक्यांनी येत होते, तीच दोन मी गाळली होती.

दुसरा मसुदा लिहायला मला तीन दिवस लागले. या वेळी मी मागितलं, आणि चांगलंच मागितलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं ठरवूनच बसले होते. फोटोतली कडेवर भाऊ घेतलेली मुलगी मी पत्राच्या मध्यभागी उभी केली. तिला निराधार म्हटलं. तिच्या कोवळ्या हातांत कोयता दिला. अज्ञानी आईबाप तिला शाळेच्या दारातून ओढून नेतात, असंही लिहिलं. बाईंनी वाचून फक्त "हं" म्हटलं. मला वाटलं, जमलं.

चाळीस पाकिटं जायची होती. कारंज्याला कचेरीतून सायक्लोस्टाइल करून आणता आलं असतं, पण बाईंचं म्हणणं पडलं की व्यापाऱ्याच्या टपालात छापील कागद सगळ्यांत खाली जातो, हाताचं पत्र वर राहतं. म्हणून चांगल्या अक्षराच्या मुलींना दुपारी ओळीत बसवून मी मसुदा उतरवायला दिला.

फोटोतली मुलगी त्यांच्यातच होती. आता सातवीत, तेरा वर्षांची, कडेवरचा भाऊ कधीच चालायला लागलेला. तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून मसुदा सगळ्यांत आधी मी तिलाच दिला होता. अर्ध्या तासाने बघते तर बाकीच्या मुली लिहितायत आणि हिची दौत बंद. कागदावर चार ओळी, पुढे काही नाही.

"काय झालं?"

"हे माह्याबद्दल आहे का बाई?"

मी म्हटलं, नाव कुठेच नाही. तिनं बोट ठेवून दाखवलं. कडेवर भाऊ, फळा, खडू. नाव नसलं तरी पडद्यावर तीन वर्षं तीच दिसत होती; वाचणाऱ्या प्रत्येकाला कळणार होतं.

"मी निराधार नाही," ती म्हणाली. "माहा बाप जिता हाय. याडी हाय." आईला ती याडी म्हणायची, त्यांच्या बोलीत. "आन् ते मले ओढून नाही नेत. मांगं ठेवाले जागा नाही म्हणून नेतात. घराले कुलूप लावून पोरगी कोनापाशी ठेवन कोनी?"

शेजारच्या मुली लिहायच्या थांबल्या. एकीनं खुसखुसत म्हटलं की कोयता तर हिला धरताही येत नाही, मागल्या साली कांदा कापताना बोट कापून बसली होती. सगळ्या हसल्या, तीही हसली. मी हसले नाही. सगळे कागद गोळा केले आणि मुलींना खेळायला सोडलं.

ती गेली नाही. दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, राग नका मानू. पर तुमाले पत्र लिवता येत नाही."

मी पत्रव्यवहार सांभाळायलाच नोकरीला होते. काय येत नाही, असं मी जरा कडकच विचारलं.

तिनं सांगितलं ते मी नंतर वहीत उतरवून घेतलं, म्हणून आजही नीट आठवतं. तांड्यात चौघांना वाचता येत होतं, त्यातली एक ती. सुट्टीला घरी गेली की लोक पत्रं घेऊन तिच्याकडे येत. कोणाचा भाऊ साखर कारखान्यावर राहिलेला, कोणाची मुलगी लांब दिलेली. पत्र आलं की ते वाचणारा शोधावा लागे. वाचणारा उसना असतो, ती म्हणाली. त्याला आपलं काम असतं, भूक लागलेली असते. तो पहिल्या चार ओळी नीट वाचतो आणि पुढे 'बाकी सब ठीक आहे' म्हणून घडी घालून देतो. एका म्हातारीला तिच्या मुलानं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की मला न्यायला या, मी आजारी आहे. वाचणारा तिथपर्यंत गेलाच नाही. दोन महिन्यांनी हिनं ते पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं.

"म्हणून काम पहिले लिवा. कोनाले काय पाहिजे, कवापर्यंत पाहिजे. मंग बाकीचं."

मी म्हटलं, आपली पत्रं शेठ लोकांना जातात, त्यांना वाचता येतं. त्यांना उसना माणूस कशाला?

आत मोठ्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेठचं टपाल मुनीम फोडतो. तो ठरवतो कोणतं पुढे ठेवायचं. हे पोर बरोबर बोलून राह्यलं."

मग तिसरा मसुदा आम्ही तिघींनी मिळून केला, जेवणघरात, ताटांच्या चळतीशेजारी. पहिलं वाक्य बाईंचं होतं, त्यांचं अंधारातलं: "दिवाळीपासून होळीपर्यंत एक मुलगी शाळेत राहावी, म्हणून आम्ही आपल्याकडे एक पोतं ज्वारी मागत आहोत." मी तिथं "सविनय विनंती" घालू पाहत होते, बाईंनी घालू दिलं नाही. म्हणाल्या, विनंती तर पत्रच आहे. आकड्यांची विसावी स्लाइड आम्ही पूर्ण टाकून दिली. बाईंच्या मते हॉलमध्ये आकडा चालतो, कारण शेजारचा बघत असतो. एकटा माणूस पत्र वाचतो तेव्हा त्याला एकच मुलगी दिसावी. बाकीच्या तिच्यामागे उभ्या आहेत एवढं कळलं तरी पुरे.

पण ती एक मुलगी आता समोर बसली होती, आणि तिच्याबद्दल काय लिहायचं ते तिला विचारूनच लिहावं लागणार होतं. मी विचारलं, तुझ्याबद्दल लिहिलेलं चालेल का. ती म्हणाली, भाऊ आता चालतो हे लिहा. मी ते लिहिलं. मग तिनं सांगितलं, मी तांड्यात पत्रं वाचते हे लिहा. तेही लिहिलं. त्या दोन ओळींखाली बाईंनी जोडलं: "हे काम आपण केलेलं आहे." पूर्वीच्या मसुद्यात आम्ही केलं, संस्थेनं केलं, असंच सगळं होतं. देणारा कुठेच नव्हता. तो फक्त शेवटी धन्यवाद घ्यायला यायचा.

आईबापांची ओळ मी एकटीनं लिहिली, कारण चूक माझी होती. "तिचे आईवडील तिला सोबत नेतात, ते तिनं शिकू नये म्हणून नव्हे. मागे ठेवायला जागा नाही म्हणून. ती जागा आमच्याकडे आहे. ज्वारी नाही." वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, आता बराबर. त्यानंतर तारीख: मुकादमाचा ट्रक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतो, त्याआधी कळलं तर ती मुलगी ट्रकमध्ये बसणार नाही. पोत्याचा त्या आठवड्याचा बाजारभाव. अर्धं पोतं दिलं तरी दुसरं कोणी अर्धं देईल, हे एक वाक्य. आणि धन्यवादाच्या जागी ताजा कलम: "हे पत्र वसतिगृहातल्या एका मुलीनं आपल्या हातानं उतरवलं आहे." ते खरंच होतं, म्हणून तेवढंच.

पोस्टातून मनिऑर्डरचे फॉर्म आणायचं काम माझं. पोस्टमास्तरांनी विचारलं, चाळीस फॉर्म कशाला, मानोऱ्यात एवढे पैसेवाले कोण निघाले. मी म्हटलं, आम्ही पाठवत नाही, मागवतोय. प्रत्येक फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव-पत्ता मी भरून ठेवला. देणाऱ्यानं फक्त रक्कम आणि स्वतःचं नाव टाकायचं. तेवढं सोपं केलं तर उद्यावर पडत नाही.

मुलींनी पत्रं चार दुपारींत उतरवली. पाकिटांची यादी केली, फॉर्म घालून पाकिटं टपालात टाकली, आणि वाट बघायला लागलो. त्या दिवसांत ती मुलगी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवरच्या कडुलिंबाखाली बसू लागली. तिचं काय पणाला लागलं होतं ते तिला पुरतं माहीत होतं. सातवीची परीक्षा. बापानं तिला सांगितलं होतं, वसतिगृह दिवाळीनंतर चालू राहिलं तर राह्य, नाहीतर चाल.

पहिली मनिऑर्डर आली ती शेठची नव्हती. कारंज्याच्या एका पेढीवरच्या मुनीमाची. खालच्या कूपनवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: शेठजी बाहेरगावी आहेत, परत आल्यावर पत्र पुढे ठेवीन, तोवर माझ्याकडून अर्धं पोतं. बाईंनी ते कूपन मुलीला दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "उसन्यानंच देल्लं."

भाऊबीजेपर्यंत गोदामाच्या भिंतीशी पोती उभी राहिली. सगळ्या मुलींना पुरतील इतकी, आणि एक वर.

इथपर्यंत मला ही गोष्ट सांगायला आवडते, आणि मी ती अनेकदा सांगितलीही आहे. पुढे मी कितीतरी संस्थांची आवाहनपत्रं लिहिली आणि दर वेळी आधी काम लिहिलं, मग तारीख, मग बाकीचं. पण मला आठवण येते ती पुढच्या महिन्यांची, आणि ती मी कोणाला सांगत नाही.

ट्रक गेला त्या सकाळी तांड्यातल्या बायका मुलींना भेटायला गोदामावर आल्या होत्या. त्या मुलीच्या आईनं तिला काही समजावलं नाही की ती रडलीही नाही. तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घालून दिली, भावाला उचललं आणि गेली. मुलगी फाटकापर्यंत गेली, मग परत येऊन बसली. दुपारी शाळेत गेली. मी त्या दिवसाच्या यादीत तिच्या नावापुढे हजेरीची खूण केली.

त्यानंतरही ती कडुलिंबाखाली रोज बसतच राहिली. आता पोस्टमनची वाट बघायचं कारण नव्हतं. ती रस्त्याकडे बघायची. अभ्यास व्हायचा, जेवण व्हायचं, आजारी नव्हती. माझ्या कोणत्याच रकान्यात ते बसत नव्हतं. आम्ही पत्रात लिहिलं होतं, एक मुलगी शाळेत राहावी. ती राहिली होती. राहणं म्हणजे कोणापासून लांब राहणं, याची ओळ आम्ही लिहिली नव्हती.

मीही तेव्हा घरापासून लांब होते. महिन्याला आईला एक कार्ड टाकायची. ते गावातले शाळामास्तर तिला वाचून दाखवत, म्हणून मी त्यात मास्तरांना चालेल तेवढंच लिहायची: मी खुशाल आहे, काळजी नसावी. आई मास्तरांकडूनच उत्तर लिहून घ्यायची: आम्ही खुशाल आहोत, काळजी नसावी. मुलीनं उसन्या वाचणाऱ्याबद्दल सांगितलं तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मला शेठ आठवले.

संक्रांतीनंतर एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली. हातात वहीचा कागद.

"बाई, तसंच एक पत्र माह्या याडीले लिवायचं हाय."

"तसंच म्हणजे?"

"काम पहिले."

तिचं काम होतं: होळीला ये. तांड्यात होळी मोठी असते, डफ वाजतात, बायका फेर धरून गातात. पण त्या वर्षी कारखाना होळीनंतरही चालणार असं कानावर आलं होतं, आणि बरीचशी माणसं थांबणार होती. तिला आई होळीला हवी होती. दोन दिवसांसाठी का होईना. तिनं स्वतःच लिहिलं, मी फक्त शेजारी बसले. पहिली ओळ: होळीला ये. दुसरी: मुकादमाले सांग, पोरीची परीक्षा हाय, दोन दिवस सोड. मग काय काय झालं ते. गणितात पहिली आली. भाऊ शहाणा झाला का. तुह्या हातची वेणी पाच दिवस टिकली, सहाव्या दिवशी सोडली. मग पुन्हा खाली: होळीला ये. चांगलं पत्र होतं. काम पहिल्या ओळीत, तारीखही त्यातच. मी पत्ता लिहिला: कारखान्याचं नाव, तोडणी टोळी, मुकादमामार्फत. एका ओळीचाही बदल सुचवला नाही. उसना वाचणारा कितीही कंटाळलेला असला तरी पहिली ओळ तर वाचेलच, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "हो ना."

होळी आली. तांड्यातले थोडेसे लोक परतले होते, डफ थोडेसे वाजले. तिची आई आली नाही. पत्रही नाही. ती त्या संध्याकाळी इतर मुलींबरोबर फेरात नाचली, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, सुटलं एकदाचं. आता लिहिताना वाटतं, तेव्हा तिनं वाट पाहणं थांबवलं होतं आणि मला ते बरं वाटलं.

होळीनंतर दोन आठवड्यांनी, परीक्षेच्या आधी, दुपारी चारच्या सुमारास आई आली, भावाला घेऊन. ट्रकमधून सरळ गोदामावर, डोक्यावरचं गाठोडंसुद्धा न उतरवता. अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग आईनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि आतून पत्र काढलं. घामानं मऊ झालेलं, चार घड्यांचं. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे.

मीच विचारलं, वाचून घेतलं नाही का. मुकादमाला वाचता येतं ना.

"येते त्याले," आई म्हणाली. "समद्यांची पत्रं तोच वाचते. मोठ्यानं वाचते, हासते, बाकीचे हासतात." मग तिनं मुलीकडे मान वळवली. "पोरगी माह्यासंगं बोलली त्यात. तो काहून मधात पायजे? म्या म्हटलं, जिनं लिवलं तिच्याच तोंडानं ऐकीन."

मुलीनं पाकीट हातात घेतलं. फोडलं नाही लगेच. मग पायरीवर बसली, आईला शेजारी बसवलं, फोटोत कडेवर असलेला भाऊ दोघींच्या मध्ये घुसला. तिनं पाकीट फोडलं, घडी उलगडली आणि वाचलं, "होळीला ये."

आईनं गाठोडं खाली ठेवलं.

"मुकादमाले सांग, पोरीची परीक्षा हाय, दोन दिवस सोड."

"सोडलं असतं त्यानं," आई हळू म्हणाली. "इच्यारलं असतं तं सोडलं असतं."

मुलगी थांबली. मला वाटलं ती पुढे वाचणार नाही. पण तिनं वाचलं. गणिताचं, भावाचं, वेणीचं. प्रत्येक ओळीवर आई 'हूं' करत होती, जशा बायका गाण्याला साथ करतात. शेवटची ओळ पुन्हा तीच होती. मुलीनं तीही वाचली, गाळली नाही, आवाज न बदलता.

आईनं पत्र तिच्याकडून घेतलं, घडी घातली, आणि परत तिच्याच हातात दिलं.

"आता डबल वाच," ती म्हणाली.

पाच वाजता जेवणाची घंटा वाजवायचं काम माझं होतं. ते माझ्या यादीत सगळ्यांत वर होतं आणि मी ते तीन वर्षांत कधी चुकवलं नव्हतं. घंटेची हातोडी हातात घेऊन मी भिंतीशी उभी होते आणि आतून मुली भुकेल्या म्हणून ताटं वाजवू लागल्या होत्या. पायरीवर ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचत होती. मोठ्या बाई स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणेनं विचारत होत्या, काय झालं. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.